पैसे आबांचे, खातं कुणाचं?

बेंबळीत आमच्या गल्लीत एक फोन आहे. फोन तसे घरटी चार आहेत, पण हा खास. आबांच्या सदऱ्याच्या खिशात असतो म्हणून तो आबांचा म्हणायचा, एवढंच. आत चार जणांचा संसार. दुकानातून फोन घेतला तेव्हा दुकानवाल्या पोरानं काढून दिलेलं आबांचं जीमेल, थोरल्यानं भरतीचा फॉर्म भरायला काढलेलं, वहिनींचं बचत गटाच्या कामाचं आणि २०२० साली शाळा बंद पडल्यावर नातवानं ऑनलाइन तासांसाठी काढलेलं. पासवर्ड विचाराल तर चौघंही एकमेकांकडे बघतात.

तर या फोनवर दर महिन्याच्या १२ तारखेला आबांच्या बँकेतून १४९ रुपये जातात. मेसेजात 'गूगल प्ले' एवढंच. आबांना गूगल माहीत आहे, पण त्याच्याशी आपला काही व्यवहार असल्याचं आठवत नाही.

"पैशे कटलाल्यात, आन् घेतलालंय कोन ते कळंना," असं त्यांनी पारावर जाहीर केलं. मग काय, सल्ले सुरू. बहुमत 'ॲप काढून टाका' या पक्षाला मिळालं. त्याप्रमाणे फोनमधली निम्मी ॲपं काढली. पंचांगही त्यात गेलं. पुढच्या १२ तारखेला १४९ रुपये ठरल्या वेळी गेले.

जाणारच. ॲप काढलं म्हणजे वर्गणी थांबली, हा आपल्याकडचा सगळ्यात महागडा समज आहे. वर्गणी फोनवर नसते, ॲपमध्येही नसते. ती असते गूगलच्या एका खात्यावर. ॲप पुसा, फोन विका, विहिरीत टाका, खातं शाबूत आहे तोवर ती चालूच राहते. आणि हे खातं म्हणजे ॲपमध्ये मोबाईल नंबर टाकून आपण जे लॉगिन करतो ते नव्हे. सातबाऱ्यावर नाव एकाचं, रान कसणारा दुसरा आणि सोसायटीचं कर्ज फेडणारा तिसरा, हे मराठवाड्याला नवं नाही. इथंही तीन माणसं आहेत. ॲप वापरणारा, ज्याच्या जीमेलवर वर्गणी नोंदली तो, आणि ज्याच्या बँकेतून पैसे जातात तो. रद्द करण्याचं बटण फक्त मधल्याच्या हातात असतं. घरातले सगळे मात्र आबांची चौकशी करत बसले होते. आबा तिसरे.

मधला शोधायचा कसा? पहिला धागा पैशांकडूनच मिळतो. आबांच्या यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे नावाची जागा आहे. तिथं चालू परवानग्या दिसतात: कुणाला, किती रुपये, कधीपासून. जीमेल तिथं दिसत नाही, त्यामुळे माणसं निराश होऊन बाहेर पडतात. पण 'कधीपासून' हे बघायचं असतं. आबांच्या परवानगीवर तारीख होती ९ मे. पैसे कटतात १२ ला, परवानगी दिलेली ९ ला, म्हणजे मधले तीन दिवस फुकट. 'तीन दिवस मोफत वापरून बघा' म्हणणारं काहीतरी मेच्या सुट्टीत कुणीतरी घेतलं होतं. परवानगी देताना पिन एकदाच लागतो. त्यानंतर १५,००० रुपयांपर्यंतच्या हप्त्याला पुन्हा पिन विचारत नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पैसे कापण्याआधी किमान २४ तास सूचना द्यावी लागते आणि ती आबांना दर महिन्याला इमानेइतबारे येत होती. आबा लग्नाच्या शुभेच्छा वाचतात, सूचना वाचत नाहीत.

दुसरा धागा प्ले स्टोअरमध्ये. वर उजव्या कोपऱ्यात गोल फोटो किंवा नावाचं पहिलं अक्षर असतं. त्यावर बोट ठेवलं की Payments & subscriptions, त्यात Subscriptions. थोरल्यानं हे आधीच पाहिलं होतं. 'काहीच नाही' असा निकालही दिला होता. त्यानं पाहिलं फक्त स्वतःच्या खात्यावर. तो गोल एका वेळी एकाचंच दाखवतो. शेजारच्या बाणावर टिचकी मारून खातं बदलायचं आणि प्रत्येकाचं वेगळं बघायचं. आबांचं पाहिलं, रिकामं. वहिनींचं रिकामं. थोरल्याचं तर रिकामं होतंच. नातवाचं खातं यादीतच नव्हतं.

नातू जूनमध्ये लातूरला शिकायला गेला. नवा फोन मिळाला, नवं जीमेल काढलं आणि जाताना जुन्या फोनवरून आपलं खातं काढून गेला. घरच्यांना त्याच्या शिस्तीचं कौतुक वाटलं. फोनवरून खातं काढलं की ते फक्त त्या फोनवर दिसेनासं होतं. वर्गणी मागं चालूच राहते.

नातवाला फोन लावला. "आबा, मी कशाला घेऊ? मी तर ॲपमध्ये तुमच्याच नंबरनं लॉगिन केलतं." पोरगं खोटं बोलत नव्हतं. पण लॉगिन कुठल्याही नंबरनं करा, वर्गणी साधारणपणे ज्या जीमेलवरून ते ॲप उतरवलं त्याच्या नावावर चढते. पैसे भरायची पट्टी खालून वर येते तेव्हा तिच्यावर तो पत्ता बारीक अक्षरात लिहिलेलाही असतो. 'मोफत' हा शब्द मोठ्या अक्षरात असल्यामुळे पत्ता कुणी वाचत नाही.

आता पत्ता हवा. नातवाला आठवेना. गूगलकडे हरवलेलं खातं शोधायची सोय आहे. खात्याला जोडलेला मोबाईल नंबर द्यायचा आणि खातं काढताना लिहिलेलं पूर्ण नाव. नंबर आबांचाच जोडलेला होता, तो दिला. नाव दिलं शाळेच्या दाखल्यावरचं. असं खातं नाही, म्हणे. वडिलांच्या नावासकट दिलं. नाही. इथं घर दोन तास थांबलं आणि चहा झाला.

तोडगा वहिनींच्या जीमेलमध्ये निघाला. दोन वर्षांपूर्वी नातवानं गुणपत्रिकेची पीडीएफ आईला पाठवली होती. पाठवणाऱ्याचं नाव: Bembli King. पहिलं नाव बेंबळी, आडनाव किंग. शाळा बंद असताना पोरानं आपला राज्याभिषेक उरकून घेतला होता. नावाखाली पूर्ण पत्ता. पासवर्ड विसरल्याचं सांगितलं, कोड आबांच्या फोनवर आला आणि राजे पुन्हा गादीवर आले.

प्ले स्टोअरचा गोल बदलला. Subscriptions मध्ये एकच नोंद. चेहरा गोरा आणि तुकतुकीत करणारं फोटोचं ॲप, १४९ रुपये महिना.

त्या जीमेलमध्ये गूगल प्लेच्या पावत्या ओळीनं पडल्या होत्या. शोधायला सोपं आहे. शोधाच्या पट्टीत हे टाकायचं:

```
from:googleplay-noreply@google.com
```

पावतीवरचा ऑर्डर क्रमांक GPA. या अक्षरांनी सुरू होतो. नूतनीकरणाच्या पावतीत त्याच्या शेवटी दोन टिंबं आणि एक आकडा लागतो. पहिल्या नूतनीकरणाला ..0, पुढच्याला ..1. आबांच्या शेवटच्या पावतीला शेपूट होतं ..8. शून्यापासून मोजायचं, म्हणजे नऊ हप्ते, १,३४१ रुपये. आबांनी हा हिशोब बोटांवर केला आणि नातवाच्या वडिलांकडे पाहिलं.

परत मिळतील का? गूगलकडे परताव्याचा सरळ अर्ज खरेदीपासून ४८ तासांत करायचा. त्यानंतर ॲपवाल्याला पत्र लिहायचं आणि वाट बघायची. अनोळखी माणसानं केलेल्या खरेदीची तक्रार १२० दिवसांपर्यंत करता येते, पण बेंबळीचा राजा अनोळखी कसा ठरवणार? घरच्यांसाठी तो दरवाजा नाही.

या सगळ्या उठाठेवीऐवजी यूपीआयमधली परवानगीच रद्द केली असती तर? पैसे थांबले असते, हे खरं. खातं सापडतच नसेल तर तोच मार्ग. पण वर्गणी तिकडं कागदावर उभीच राहते, पैसे भरा म्हणून पत्रं कुणी न उघडणाऱ्या जीमेलवर येत राहतात, आणि त्या खात्यावर पैशाचं दुसरं साधन राखीव ठेवलेलं असेल तर गूगल तिकडं वळू शकतं. एक गंमत आणखी. दोन वर्षं न वापरलेलं जीमेल गूगल पुसून टाकू शकतं. मात्र त्यावर चालू वर्गणी असेल तर ते जिवंत धरलं जातं. म्हणजे राजाला विसरून गेलं तरी त्याचं सिंहासन महिना १४९ रुपयांत राखलं जातं. आबांच्या खर्चानं.

तर रद्द केलं. Cancel subscription दाबल्यावर कारण विचारतात. वहिनींनी 'फार वापरत नाही' निवडलं. खरं कारण त्या यादीत नव्हतं. पडद्यावर आलं: १२ फेब्रुवारीपर्यंत सेवा सुरू राहील. भरलेल्या महिन्याचा वापर संपेपर्यंत मिळतो, रद्द केल्या क्षणी बंद होत नाही.

हे आबांना समजावून सांगणं ही चूक होती की काय, कोण जाणे. "म्हंजी अजून १९ दिस आपलंच हाय?" ते म्हणाले. "मग वापरा की. पैशे काय झाडाला लागलेत?" त्यांनी ते ॲप पुन्हा उतरवून घेतलं. राजाच्याच खात्यावरून, कारण दुसऱ्या कुठल्याही खात्यावरून उतरवलं असतं तर त्यानं पुन्हा १४९ मागितले असते. आता आबा रोज संध्याकाळी अंगणात बसून स्वतःला तुकतुकीत करतात. त्यातला एक फोटो त्यांनी परवा बँकेत केवायसीला दिला. पंचविशीतला माणूस बघून बँकेतल्या पोरीनं विचारलं, "खातेदार कुठायत?"