डाव कुणी संपवला?

स्ट्रॅटेजी गेमच्या परीक्षणात ग्राफिक्स 'अप्रतिम' असतात, संगीत 'भारावून टाकणारं' असतं आणि शेवटी दहापैकी नऊ गुण असतात. परीक्षकाने एक तरी डाव शेवटपर्यंत खेळला का, एवढंच त्यात नसतं.

२०१६ सालचा 'सिव्हिलायझेशन ६' घ्या. नेहमीच्या वेगाला ५०० टर्न. पहिले शंभर बहारदार जातात. वसाहतकरी इथेच नदीकाठी बसवायचा की डोंगरापर्यंत चालवत न्यायचा, यावर पुढचा डाव हलतो. अडीचशेव्या टर्नला तुमची दहाबारा शहरं झालेली असतात आणि प्रत्येक शहर आलटून पालटून विचारतं, 'आता काय बांधू?' काहीही बांध बाबा! जिंकणार कोण, हे केव्हाच ठरलेलं असतं. मग परीक्षकाने दर पन्नास टर्नमागे मोजावं, उलटा घेतला असता तर डाव फिरला असता, असे निर्णय किती होते. ते कमी होत गेले आणि क्लिक वाढत गेले, की गेमची गती मेली. हे दुखणं खुद्द फिरॅक्सिस कंपनीला कळलं. लोक डाव अर्धवट सोडतात, म्हणून २०२५च्या सातव्या भागात तिने डावाची तीन युगं पाडली. परीक्षकांना मात्र शंभराव्या टर्नला डेडलाइन आठवते.

निर्णयांची खोली हा तर त्यांचा लाडका शब्द. डोंगराला लागून कॅम्पस बांधला की प्रत्येक डोंगरामागे विज्ञानाचा एक गुण जास्त मिळतो, आणि तो आकडा नकाशावरच छापलेला असतो. सर्वांत मोठा आकडा निवडायला डोकं लागत नाही. डोकं लागतं ते पुढे. शहराची लोकसंख्या चार झाल्याशिवाय दुसरा डिस्ट्रिक्ट मिळत नाही, सात झाल्याशिवाय तिसरा. म्हणजे आज कॅम्पस घेतला तर बाजारपेठ लांबली. शिवाय डिस्ट्रिक्टची किंमत संशोधनाबरोबर चढत जाते, पण जागा आज अडवून ठेवली तर ती तिथेच गोठते. हा पेच ज्या परीक्षणात नाही, त्याच्या लेखकाने खोली काठावरून पाहिली. 'डेइटी' पातळीवर संगणक 'कमालीचा हुशार' होतो, असंही हीच मंडळी लिहितात. तो हुशार होत नाही; त्याला सुरुवातीलाच तीन वसाहतकरी मिळतात आणि तुम्हाला एक.

राहिलं 'पुन्हा पुन्हा खेळावासा वाटतो'. कारण काय, तर नेते भरपूर. याची परीक्षा सोपी आहे: दोन नेते घेऊन दोन डाव मांडा आणि पहिल्या पन्नास टर्नमध्ये काय वेगळं केलंत ते लिहा. माओरींचा कुपे डाव भर समुद्रात सुरू करतो. राजधानी कुठे बसवायची हे शोधण्यातच त्याचे टर्न जातात. तो खरोखर वेगळा गेम आहे. बाकी बहुतेकांचा आधी टेहळ्या, मग गोफणवाला, मग वसाहतकरी. राजाचं शिरस्त्राण तेवढं बदलतं, आणि परीक्षणात त्याचा स्क्रीनशॉट असतो.