दह्याचे तीस सेंट

सांगलीच्या एका निवृत्त लेखाधिकाऱ्यांचे चिरंजीव एमएस करायला अमेरिकेत, मिशिगन राज्यातल्या अॅन आर्बरला गेले. शैक्षणिक कर्जाला तीर्थरूपांचे घर तारण होते. त्यामुळे तीर्थरूपांनी अट घातली की तिथे जो खर्च होईल त्याच्या प्रत्येक पावतीचा फोटो त्याच दिवशी ग्रुपवर पडला पाहिजे. ग्रुपचे नाव आधी ‘आमचं घर’ होते. पहिल्या आठवड्यातच ते ‘व्हाउचर’ झाले.

फोटोच का, पावत्या जपून का ठेवायच्या नाहीत, याचे उत्तर जिल्हा परिषदेत तीस वर्षे काढलेल्या माणसाकडे तयार होते. दुकानातली पावती शाईने छापलेली नसते. कागदावर उष्णतेने काळा पडणारा लेप असतो आणि यंत्र त्याला नुसता चटका देते. असा कागद पाकिटात ठेवला की काही महिन्यांत कोरा होतो आणि उन्हातल्या गाडीत विसरला की अख्खा काळा. दोन्ही प्रकारचे व्हाउचर लेखापरीक्षणात नामंजूर होते, हा तीर्थरूपांचा अनुभव. (नामंजूर करणारे तेच असत.)

चिरंजीव आज्ञाधारक. बसचे तिकीट, झेरॉक्स, कांदे, दही, सगळे टिपले जात होते. तीर्थरूप रात्री जेवण झाल्यावर एकेक पावती वहीत उतरवत आणि सकाळी आक्षेप काढत. ‘दि. १२ ची कॉफी कोणत्या प्रयोजनार्थ?’ ‘कांदे दोनदा का?’ आक्षेपाची पूर्तता चोवीस तासांत करावी लागे.

अशाच एका सकाळी दह्यावर आक्षेप आला. बत्तीस औंसांचा, म्हणजे साधारण ९०० ग्रॅमचा, डबा चिरंजीव दर आठवड्याला घेत. त्याची किंमत ३.४९ डॉलर असल्याचे त्यांनीच सुरुवातीला कळवले होते आणि वहीत त्याची नोंद होती. पावत्यांवर मात्र दर वेळी ३.७९ लागलेले. तीस सेंट कुठे गेले?

“बाबा, टॅक्स असेल,” चिरंजीव म्हणाले. अभियंता माणूस पैशांचा हिशेब आला की टॅक्सवर ढकलून मोकळा होतो. पण लेखाधिकारी असा सुटू देत नाही. मिशिगनचा विक्रीकर ६ टक्के आहे. ३.४९ वर तो एकवीस सेंट होईल, तीस नव्हे. शिवाय त्या राज्यात घरी नेऊन खायच्या किराण्यावर विक्रीकर नाहीच आणि पावतीवरही दह्यापुढे करपात्र मालाची खूण नव्हती. “म्हणजे एक तर तू मला दर चुकीचा कळवलास, नाही तर दुकानाने तुला चुकीचा लावला. खुलासा कर.” आईने मध्येच विचारले, की घरी विरजण लावायला काय धाड भरली आहे. हा आक्षेप मात्र इतिवृत्तात घेतला गेला नाही.

आपण खोटे बोललो नव्हतो एवढेच सिद्ध करायला चिरंजीव दुकानात गेले. दह्याच्या फळीवर पट्टी होती आणि पट्टीवर ठसठशीत ३.४९. शेजारी तोच डबा. चिरंजीवांनी डबा उचलला, काउंटरवर स्कॅन झाला, पडद्यावर ३.७९ उमटले. काउंटरवरच्या मुलीने गोड हसून दिवस चांगला जावो म्हटले. चांगला गेलाच, पण त्यात तिचा हात नव्हता.

इथे दुकानाची बाजू समजून घ्यायला हवी. पट्टीवरची किंमत आणि यंत्रातली किंमत ही दोन वेगळी खाती असतात. यंत्रातला भाव कुठल्या तरी मुख्यालयातून रात्रीत बदलतो. फळीवरची पट्टी मात्र माणसाने शिडीवर चढून बदलायची असते आणि तो माणूस त्या रात्री एकटा असतो, किंवा नसतोच. भाव वाढला की यंत्राला लगेच कळते, पट्टीला उशिरा. भाव उतरला तर उलटी चूकही होते आणि गिऱ्हाईक स्वस्तात सुटते. पण असे सुटलेले गिऱ्हाईक पावतीचा फोटो काढून परत आल्याचे कोणी ऐकलेले नाही.

ही एका दुकानाची खोड आहे असेही नाही. शेजारच्या ओहायो राज्यात २०२२ मध्ये महाधिवक्त्यांनी डॉलर जनरल या दुकानांच्या साखळीवर दावा लावला. शंभरात दोन वस्तूंपर्यंत चूक चालवून घेतली जाते. तिथे एका काउंटीतल्या निरीक्षकांना काही दुकानांत सोळा टक्क्यांपासून अठ्ठ्याऐंशी टक्क्यांपर्यंत वस्तूंचे भाव चुकलेले सापडले होते. पुढच्या वर्षी दहा लाख डॉलरवर तडजोड झाली. अठ्ठ्याऐंशी टक्के चुकायला निष्काळजीपणा पुरत नाही, मेहनत लागते.

मिशिगनकरांना पूर्वी ही काळजीच नव्हती. १९७६ च्या कायद्याने तिथे बहुतेक प्रत्येक डब्यावर स्वतंत्र किमतीची चिठ्ठी चिकटवावी लागे. दुकानदारांना तो खर्च सोसेना. २०११ मध्ये गव्हर्नर रिक स्नायडर यांनी तो कायदा घालवला आणि वस्तूजवळ पट्टी लावली तरी चालेल असे ठरले. मात्र नव्या कायद्याने गिऱ्हाइकाच्या हाती एक काठी ठेवली. यंत्राने जास्त पैसे घेतले तर फरक परत मिळतोच, वर फरकाच्या दहापट बक्षीस मिळते. ते किमान एक डॉलर, कमाल पाच. तिथले लोक त्याला बाउंटी म्हणतात.

चिरंजीवांनी हे वाचले आणि ते पहिल्यांदाच वडिलांच्या वहीकडे आदराने पाहू लागले.

कायद्याची गंमत त्याच्या अटींत आहे. काउंटरवर भाव चुकताना दिसला आणि तुम्ही तिथेच ओरडलात, तर भाव दुरुस्त होईल, बक्षीस नाही. व्यवहार पुरा व्हायला हवा, पावती हातात यायला हवी. म्हणजे शहाण्या माणसाने लुबाडून घ्यायचे, धन्यवाद म्हणायचे आणि मग दहा पावले चालून ग्राहक सेवेच्या खिडकीशी जायचे. खरेदीपासून तीस दिवसांत प्रत्यक्ष किंवा लेखी कळवायचे. दुकानाला पैसे द्यायला दोन दिवस. नाही दिले तर कोर्टात किमान अडीचशे डॉलर मागता येतात. एकाच पावतीवर तेच तीन डबे असतील तर फरक तिन्हींचा मिळतो, बक्षीस एकाचेच. कायदा करणाऱ्यांनी मराठी विद्यार्थ्यांचा विचार आधीच केलेला दिसतो.

तीस दिवसांतल्या पावत्या चार निघाल्या. प्रत्येकीवर फरक तीस सेंट, बक्षीस तीन डॉलर. चार वेळा ३.३० म्हणजे १३.२०. पण मॅनेजर कसलेला होता. पावतीच्या फोटोवरून आम्ही किती घेतले ते कळते, तो म्हणाला. त्या दिवशी फळीवर काय लिहिले होते ते कशावरून? आजची पट्टी मान्य, मागच्या तीन आठवड्यांचे काय?

प्रश्न रास्त होता. शेकडो फोटोंत पट्टीचा एकही नव्हता. चिरंजीवांनी रात्री दीड वाजता सांगलीला फोन लावला. तिथे सकाळचे अकरा, तीर्थरूप वही उघडून बसलेले. त्यांनी पट्टीचा ताजा फोटो मागवला, मोठा करून पाहिला आणि विचारले, “अरे, खालच्या कोपऱ्यात ते बारीक आकडे काय आहेत?” ती पट्टी छापल्याची तारीख होती. दोन महिन्यांपूर्वीची. पट्टी तेव्हापासून तिथेच होती, याहून चांगला पुरावा सरकारी कागदातही सापडत नाही. त्यांनी एक धोकाही तपासून घेतला. पट्टीवर सवलतीची अखेरची तारीख छापलेली असती, तर दुकान हात वर करू शकले असते. ती नव्हती. हा नेहमीचाच भाव होता, यंत्रात वाढवलेला आणि फळीवर विसरलेला.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरने तारीख वाचली, एकदा डोळे चोळले आणि १३.२० मोजून दिले. पट्टी काढून खिशात टाकली ती वेगळीच. तीस दिवसांपलीकडच्या पावत्यांवर त्याने नकार दिला आणि तीर्थरूपांनी ‘मुदतबाह्य’ असा शेरा मारून तो भाग बंद केला.

रुपयांत हे अकराशेच्या वर जातात हे कळताच चिरंजीवांचे दोन रूममेट पट्ट्यांचे फोटो काढत दुकानात फिरू लागले. शनिवारची अख्खी दुपार घालवून त्यांना एक चूक मिळाली, चार सेंटची, म्हणून किमान बक्षीस एक डॉलर. तीर्थरूपांना वेगळीच धास्ती. स्टुडंट व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासच काम करता येते, तेही कॅम्पसवर. हे काम धरले जाईल का? चिरंजीवांनी सांगितले की बाबा, हे खरेदीत धरतात. तीर्थरूपांनी जमेच्या बाजूला ‘संकीर्ण’ असे नवे खाते उघडले.

इथवर सगळे ठीक होते. पण त्या संध्याकाळी आईला कोपऱ्यावरच्या दुकानातून दूध आणायचे होते.

“अहो, त्या दह्याचं ऐकून एक विचारते. आपण पिशवीमागे रुपया जास्त का देतो?”

“तो कूलिंगचा.”

रोज दोन पिशव्या, रोज दोन रुपये, वर्षाला ७३० रुपये, आणि हे दुकान आहे तेव्हापासून. पिशवीवर छापील किंमत असते, त्यात सगळे कर धरलेले असतात आणि त्याच्यावर एक पैसाही घेणे २०११ च्या वेष्टित वस्तूंच्या नियमांनुसार बेकायदा आहे. थंड ठेवण्याचा खर्च दुकानदाराचा. वैधमापनशास्त्र खात्याकडे तक्रार करता येते, ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांकही आहे. हे सगळे तीर्थरूपांना पाठ होते. मिशिगनचा कायदा पाठ करायच्या कितीतरी आधीपासून.

“मग घ्या की पावती. काढा फोटो.”

“अगं, रोजचा माणूस आहे. दोन रुपयांसाठी वाईटपणा कशाला?”

आई पिशवी घेऊन स्वतः गेली आणि बिल मागितले. दुकानदाराला राग आला नाही, आश्चर्य वाटले. त्याने बिस्किटाच्या खोक्याचा तुकडा फाडला, दूध दोन पिशव्या लिहिले, खाली ‘कूलिंग २’ लिहिले, बेरीज केली आणि वहिनींना काही शंका राहू नये म्हणून सहीही ठोकली. अॅन आर्बरच्या मॅनेजरने कधी एवढा स्वच्छ पुरावा दिला नसता.

तो तुकडा रात्री ‘व्हाउचर’वर पडला. पाठवणारी आई. पाच मिनिटांत अमेरिकेतून आक्षेप आला: “बाबा, खुलासा करा. १९१५ ला फोन केला का?”

तीर्थरूपांनी चोवीस तासांच्या आत पूर्तता केली. दुधाचे पुढच्या महिन्याचे पैसे त्यांनी दुकानदाराला आगाऊ देऊन ठेवले होते, कूलिंगसकट.