पार्टी इंटरेस्टेड आहे

जुना फ्लॅट विकायला काढलेल्या माणसाला 'पार्टी इंटरेस्टेड आहे' यापेक्षा गोड वाक्य कुणी ऐकवू शकत नाही. एजंट ते दिवसातून कितीही वेळा म्हणू शकतो, त्याचं काही जात नाही. ऐकणाऱ्याच्या घरी मात्र चहाचं आधण वाढतं.

आमचा फ्लॅट कोथरूडच्या आतल्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर. इमारतीनं तिशी ओलांडलेली आणि लिफ्ट नाही. माझ्या गुडघ्यांनी जिन्याशी असहकार पुकारला, तेव्हा विकायचं ठरलं. मागणी ८५ लाख. नोकरी मी जन्मभर हिशेबतपासनिसाची केली. म्हणजे लोकांच्या वह्यांत काय लिहिलंय यापेक्षा काय लिहायचं राहिलंय, हे शोधण्याचा मला पगार मिळायचा. तेव्हा घरविक्रीसाठीही मी एक वही घातली, समास आखून.

श्रावणात एक तरुण जोडपं आलं. एजंटनं सवयीनं 'पार्टी बँकेत आहे' असं सांगितलं; नोकरीला की कर्ज मागायला, ते मी विचारलं नाही. मुलानं दाराबाहेर बूट काढले, वाकून नमस्कार केला आणि स्वयंपाकघरातला नळ सोडून पाहिला. मग खिशातून टेप काढून बेडरूमची भिंत मोजली. "आमचं कपाट इथे मस्त बसेल, काका," तो म्हणाला. आमचं! इथे! मी वहीत लिहिलं: 'कपाटाची जागा ठरली.'

गौरी जेवल्यावर तो पुन्हा आला, सासूबाईंना घेऊन. त्यांनी गॅलरीत उभं राहून पूर्व कुठे आहे ते विचारलं आणि तुळशीचा कोपरा नक्की केला. जिना चढून आल्यावर त्या बराच वेळ खुर्चीत बसून राहिल्या होत्या आणि त्यांनी पाण्याचे दोन पेले मागितले होते. वहीत तुळशीची नोंद झाली. पाण्याची झाली नाही.

बोलणी ८० लाखांवर थांबली. 'थांबली' म्हणजे मी ८० म्हणालो आणि तो हसला. मी ते हसणं जमेला धरलं.

त्यानंतर पितृपक्ष लागला आणि फोन थांबले. यात गैर काय? पितृपक्षात पुण्यात कुणी टोकन देत नाही, घेत नाही. नवरात्रात तो म्हणाला, "बायकोचे उपास आहेत, दसऱ्याला बसू." दसऱ्याला त्याच्या ऑफिसचं ऑडिट होतं, आणि ऑडिट म्हणजे काय असतं हे मला कुणी सांगायला नको. पुढे मुलीची परीक्षा, मग दिवाळी. एकेक कारण सुटं घेऊन तपासलं तर अगदी खणखणीत होतं. सगळी एकत्र मांडली असती तर सगळ्यांचं तोंड एकाच दिशेला आहे हे दिसलं असतं, पण मी ती एकाखाली एक मांडलीच नाहीत. बायकोनं मांडली.

"पहिल्यांदा तो फोन करायचा," ती म्हणाली. "मग तुम्ही करायला लागलात. आता तुम्ही मेसेज करता आणि तो अंगठा पाठवतो."

"अंगठा म्हणजे होकारच की."

"तो बोलतो ते तुम्ही लिहिता. तो बोलत नाही ते कुठल्या पानावर आहे?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं म्हणून मी वही कपाटात ठेवली. पण प्रश्न जुना आहे. फ्रान्सिस बेकननं १६२० साली 'नोव्हम ऑर्गॅनम'मध्ये एक गोष्ट सांगितली, आणि त्याच्याही आधी सिसेरोनं. एका माणसाला देवळात नेऊन चित्रं दाखवली: नवस बोलून वादळातून वाचलेल्या खलाशांची. आता तरी देवाचं सामर्थ्य मान्य करशील ना, असं विचारल्यावर तो म्हणाला, नवस बोलूनही जे बुडाले त्यांची चित्रं कुठे लावली आहेत? बुडालेला माणूस चित्र काढून घ्यायला येत नाही, तसा न आलेला फोन मोबाइलमध्ये नाव सोडून जात नाही. आलेल्या फोनला तारीख असते, वेळ असते. न आलेल्याला काहीच नसतं, म्हणून तो मोजायचा तर मुद्दाम बसावं लागतं. आणि ज्याला घर विकायचंय तो मुद्दाम असल्या कामाला बसत नाही.

मी तर उलट, गार पडलेल्या गोष्टीही तापवून जमेत घेत होतो. दिवाळीच्या आधी त्यानं आपणहून विचारलं, "काका, बिल्डिंगचं स्ट्रक्चरल ऑडिट झालंय का?" मला भरून आलं. किती खोलात शिरतोय मुलगा! मी एजंटला सांगून टाकलं, आता दुसऱ्या कुणाला दाखवू नका. खरं तर त्या प्रश्नात सगळा निकाल होता. तो प्रश्न मुलाचा नव्हताच, त्याच्यामागे बँक होती.

हे गणित त्यानं त्याच्या घरी कधीच केलं असणार. मी फार नंतर केलं. ८० लाखांच्या घराला बँक फार तर ८० टक्के कर्ज देते, म्हणजे ६४ लाख. उरलेले १६ लाख त्याचे. पुणे शहरात मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ५ लाख ६० हजार, आणि नोंदणी फी ३० हजार. म्हणजे खिशातून जवळपास २२ लाख. इथवर तो तयार असेल. पण बँक आपण ठरवलेली किंमत डोळे मिटून घेत नाही, स्वतःचा मूल्यांकनकार पाठवते. तो इमारतीचं वय पाहतो, ती आणखी किती वर्षं उभी राहील याचा अंदाज बांधतो आणि आकडा टाकतो. आमच्या इमारतीकडे पाहून त्यानं ७२ म्हटलं असं धरा. मग कर्ज ५७ लाख ६० हजारांवर येतं, आणि मुलाच्या खिशातून जायची रक्कम एकदम ६ लाख ४० हजारांनी वाढून २८ लाखांच्या पुढे जाते. एवढ्या रकमेपुढे नमस्कार, कपाट आणि तुळस काय करणार? मुलाचं मन आमच्या घरावर असेलही, पण पैसे मनाच्या खात्यातून निघत नाहीत. आणि वडीलधाऱ्या माणसाला तोंडावर 'जमत नाही' म्हणायचं कसं? त्यापेक्षा अंगठा पाठवणं सोपं.

आता मागे वळून वही चाळली की एक गोष्ट फार स्वच्छ दिसते. त्यात एकही नोंद अशी नाही जिच्यासाठी त्या मुलाला एक रुपया किंवा अर्ध्या दिवसाची रजा खर्चावी लागली. भिंत मोजणं फुकट, तारीफ फुकट, सासूबाईही त्याच्याच स्कूटरवर आलेल्या. खर्चाच्या खुणा वेगळ्या असतात. करारनाम्याची आणि इंडेक्स टूची प्रत मागून वकिलाला दाखवणं, सोसायटीच्या सेक्रेटरीला गाठून शेअर सर्टिफिकेट कुणाच्या नावावर आहे ते पाहणं, बँकेत फाइल टाकून प्रोसेसिंग फी भरणं, टोकनचा चेक. त्यानं यातलं काही मागितलं नाही, आणि मी दिवाणखान्यातल्या टेबलावर सगळ्या प्रती काढून, वर आंबेमोहराच्या डब्याचं वजन ठेवून वाट पाहत होतो.

दरम्यान आम्ही मोकळे होत चाललो होतो. सोफा मेहुण्याला दिला, कारण लिफ्टवाल्या नव्या घरात तो बसणार नव्हता. कपाटाच्या भिंतीला फिका पिवळा रंग काढला; त्याच्या बायकोला तो आवडतो असं ती एकदा म्हणाली होती, बहुतेक कुठल्याशा दुसऱ्या घराबद्दल. पाहुणे आले की आम्ही त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसवून, "आता काय, महिन्याभराचा प्रश्न," असं म्हणायचो.

एजंट मात्र धंद्याचा माणूस. माझी बंदी मोडून एके दिवशी तो एका गृहस्थांना घेऊन आला. गृहस्थ जिना चढतानाच कुरकुरत होते. आत आल्यावर म्हणाले, स्वयंपाकघर लहान आहे. मग म्हणाले, हा पिवळा रंग कुणी काढला? पार्किंग कागदावर दिलेलं आहे की नुसतं लावता? ड्रेनेजची लाइन बदलली होती का? भोगवटापत्र दाखवा. मग माझा पॅन नंबर मागितला. पहिल्या भेटीत! मला हा उद्धटपणाच वाटला. बायकोला म्हटलं, हा माणूस काही घेत नाही, नुसता खोड्या काढायला आलाय.

पुढे कळलं, पॅन का हवा होता. घराची किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर घेणाऱ्याला १ टक्का टीडीएस कापून विकणाऱ्याच्या पॅनवर भरावा लागतो. ज्याला पैसे द्यायचे आहेत त्यालाच हा नंबर लागतो. कपाट बसवणाऱ्यानं तो कधी विचारला नव्हता, आणि मी त्याला समजूतदार म्हणत होतो.

गृहस्थांनी ७४ लाख सांगितले. मी म्हणालो, आमचं दुसरीकडे ८० ला ठरतंय. ते म्हणाले, टोकन आलंय का? मी म्हणालो, येतंय. त्यांनी खिशातून चेकबुक काढलं आणि टीपॉयवर ठेवून माझ्याकडे पाहत बसले. टीपॉय तेवढा मेहुण्याला आवडला नव्हता, म्हणून घरात होता. मी खिडकीबाहेर पाहत होतो. बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, "चेक कुणाच्या नावानं काढायचा ते सांगा त्यांना."

७५ वर मिटलं. एक लाख मी भांडून मिळवला असं मी सांगतो; खरं म्हणजे पिवळा रंग पुसायचा खर्च तुमचा, असं ते म्हणाले.

खरेदीखताच्या दिवशी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात आम्ही सगळे टोकन नंबर घेऊन बाकावर बसलो होतो. गृहस्थ तिथेही पंख्याबद्दल तक्रार करत होते. आमचा नंबर पुकारला गेला. कॅमेऱ्यासमोर फोटो झाला, आता अंगठा. तेवढ्यात मोबाइल वाजला. मुलाचा मेसेज होता: 'काका, फ्लॅट अजून आहे का?'

मी मोबाइल बायकोपुढे धरला. "बघ! मी म्हणत नव्हतो? मन होतं त्याचं!"

"आधी अंगठा ठेवा," ती म्हणाली.