बिलांची पिशवी कशी फोडावी
(नव्या लेखा लिपिकासाठी प्राथमिक मार्गदर्शिका)

साहित्य: एक लाल पेन, एक पेन्सिल, एक कॅल्क्युलेटर, रिकामे टेबल. टेबल रिकामे नसेल तर दुपारच्या जेवणाची वाट पाहावी.

समजा, तुम्ही वाशिमच्या एका पतसंस्थेत नुकतेच रुजू झाला आहात. संस्थेने कर्मचाऱ्यांच्या वैद्यकीय खर्चासाठी स्वतःचा नियम केला आहे, पण डोके चालवण्याचा त्रास न घेता आकडे ‘आरोग्य संजीवनी’ या प्रमाणित पॉलिसीतून उचलले आहेत. विमा नियामकाने ही पॉलिसी 1 एप्रिल 2020 पासून सगळ्या सामान्य आणि आरोग्य विमा कंपन्यांना विकायला लावली. खोलीभाडे रोज विमा रकमेच्या 2 टक्के, पण 5,000 रुपयांच्या वर नाही. रुग्णवाहिकेला 2,000. दाखल होण्यापूर्वीचे 30 दिवस आणि सुट्टीनंतरचे 60 दिवस धरायचे. शेवटी 5 टक्के कर्मचाऱ्याच्या खिशातून. आपल्या संस्थेत प्रत्येकाची मर्यादा 2 लाख, म्हणजे खोलीला रोज 4,000.

सरकारी कार्यालयात रुजू झाला असाल तर ही मार्गदर्शिका तुमच्या कामाची नाही. तिथे महाराष्ट्र राज्य सेवा (वैद्यकीय देखभाल) नियम, 1961 चालतात. खाजगी दवाखान्याचे बिल आले की आधी आजार 19 मार्च 2005 च्या शासन निर्णयातल्या 27 आकस्मिक किंवा 5 गंभीर आजारांत बसतो का, ते पाहतात. रकमेची पाळी नंतर येते. आपल्याकडे आजार कोणताही चालतो, भांडण फक्त रकमेचे.

पायरी 1. पिशवी उलटी करा, पण बेरीज करू नका

कर्मचारी बिले फाईलमध्ये आणत नाही, कॅरीबॅगमध्ये आणतो. आमच्या उदाहरणातला कर्मचारी अपेंडिक्सच्या ऑपरेशनसाठी अकोल्याला तीन दिवस दाखल होता. पिशवीतून निघते ते असे: दवाखान्याचे अंतिम बिल, मेडिकलच्या अकरा चिठ्ठ्या, 20,000 रुपयांची आगाऊ पावती, खर्चाचा अंदाज लिहिलेला कागद आणि चहाच्या डागाखाली लपलेले सोनोग्राफीचे बिल.

नवशिक्याचा हात लगेच कॅल्क्युलेटरकडे जातो. तो आवरावा. आगाऊ भरलेले 20,000 अंतिम बिलाच्या एकूण रकमेत आधीच धरलेले असतात. ती पावती वेगळी धरली की संस्था तेच पैसे दुसऱ्यांदा देते. अंदाजाचा कागद म्हणजे बिलच नव्हे. मेडिकलच्या चिठ्ठ्यांत उरलेली औषधे परत केल्याची एक चिठ्ठी असते. तिची रक्कम वजा करायची असते आणि ती नेमकी सगळ्यांत खाली चिकटलेली असते. थर्मल कागदावरच्या चिठ्ठ्यांची त्याच दिवशी झेरॉक्स काढा. ऑडिटर येईपर्यंत मूळ कागद कोरा झालेला असतो, आणि कोऱ्या कागदावर मंजुरी दिल्याचे स्पष्टीकरण अजून कोणाला जमलेले नाही.

पायरी 2. ढीग लावा

ढीग सहा लागतात: खोलीभाडे; डॉक्टर, भूल, शस्त्रक्रियागृह आणि नर्सिंग मिळून एक; औषधे; तपासण्या; आधीचा व नंतरचा खर्च; रुग्णवाहिका. सातवा ढीग टेबलाच्या कडेला, म्हणजे न मिळणाऱ्या बाबी. यात डायपर, मिनरल वॉटर, लाँड्री, फोनचे पैसे. विमा नियामकाच्या यादीत अशा 68 बाबी आहेत आणि त्या बहुधा औषधांच्या बिलातच दडून बसतात. म्हणून मेडिकलची चिठ्ठी एकूण रकमेवरून नव्हे, ओळीने वाचायची.

तारीख पाहूनच कागद ढिगात टाका. आमच्या कर्मचाऱ्याची सोनोग्राफी दाखल होण्याच्या 12 दिवस आधीची आहे, ती चालते. पोटदुखीची पहिली तपासणी 41 दिवस आधीची, 800 रुपयांची. दुखणे तेच, डॉक्टर तेच, तरी ती कडेच्या ढिगात जाते.

पायरी 3. खोलीभाड्यापासून सुरुवात करा

इथेच नवशिके घसरतात. कर्मचाऱ्याने 5,000 रुपयांची खोली घेतली, मर्यादा 4,000. तीन दिवसांचे 3,000 कापले की काम झाले, असे वाटते. झालेले नसते. महागड्या खोलीत डॉक्टर आणि शस्त्रक्रियेचे दरही चढतात, म्हणून तो ढीगही त्याच प्रमाणात, म्हणजे 80 टक्क्यांवर आणायचा. हे विसरलात तर इथे 7,000 जास्त धरले जातात.

उलट काही जण उत्साहाच्या भरात सगळ्याच ढिगांना 80 टक्के लावतात. गोळीची किंमत खोली पाहून बदलत नाही. संस्थेच्या नियमात औषधे आणि तपासण्या या कपातीबाहेर आहेत. त्यांनाही कात्री लावली तर कर्मचाऱ्याचे 3,400 विनाकारण जातात.

पायरी 4. मांडणी करा

डावीकडे मागितलेले, उजवीकडे पात्र.

खोलीभाडे: 15,000 – 12,000
डॉक्टर, शस्त्रक्रिया, नर्सिंग: 35,000 – 28,000
औषधे: 12,400 – 11,000 (1,400 सातव्या ढिगात)
तपासण्या: 6,000 – 6,000
आधीचा खर्च: 3,000 – 2,200
नंतरची औषधे: 1,800 – 1,800
वाशिम ते अकोला रुग्णवाहिका: 3,500 – 2,000
एकूण: 76,700 – 63,000

पायरी 5. पाच टक्के सगळ्यात शेवटी

63,000 चे 5 टक्के 3,150. देय रक्कम 59,850.

घाईत असलेला लिपिक हे 5 टक्के आधीच, 76,700 वर काढतो आणि मग बाकीची कपात करतो. त्याचे उत्तर 59,165 येते. फरक 685 रुपयांचा. हे 685 म्हणजे जे पैसे कर्मचाऱ्याला मुळातच मिळणार नव्हते, त्यांवरही त्याच्याकडून घेतलेला वाटा. वजाबाकीच्या दोन ओळी वरखाली झाल्या, एवढाच गुन्हा.

पायरी 6. शेरा लिहा

कर्मचारी दुसऱ्या दिवशी टेबलासमोर उभा राहतो आणि विचारतो, “बाकीचे 16,850 कुठं गेले, भाऊ?” अशा वेळी ‘नियमानुसार कपात’ हा शेरा उपयोगाचा नाही, त्यावरून तो थेट व्यवस्थापकांच्या केबिनमध्ये जातो. शेऱ्यात प्रत्येक कपात वेगळी लिहा: खोली 3,000, खोलीच्या प्रमाणात शस्त्रक्रिया 7,000, न मिळणाऱ्या बाबी 1,400, मुदतीबाहेरची तपासणी 800, रुग्णवाहिका 1,500, स्वतःचा वाटा 3,150. बेरीज जुळते का, ते त्याच्यासमोर करून दाखवा.

यादीत 10,000 रुपये फक्त खोलीमुळे गेलेले त्याला दिसतील. रोज 1,000 रुपये जास्त देऊन तीन दिवस घेतलेली खोली आपल्याला 3,000 ला पडली, असे तो आजवर समजत होता. आता त्याचा राग तुमच्यावर राहत नाही, खोली निवडणाऱ्या मेव्हण्यावर जातो. तुम्ही पुढची पिशवी घ्या.