समासातला पाहुणा

पातंजल महाभाष्याची पोथी उघडली की आधी मान कुठल्या बाजूला वळवायची ते ठरवावं लागतं. मधोमध ठसठशीत अक्षरात भाष्य, त्याच्या वर आणि खाली बारीक अक्षरात कैयटाचा ‘प्रदीप’. या मांडणीला त्रिपाठ म्हणतात. प्रदीपावर नागेशभट्टांनी ‘उद्द्योत’ लिहिला, तो शेजारच्या दुसऱ्या पोथीत. त्या उद्द्योतावर त्यांचे शिष्य वैद्यनाथ पायगुंडे यांची ‘छाया’. दिवा, त्याचा उजेड आणि वर सावली! नागेशभट्ट काळे घराण्यातले, राहिले काशीत. त्यामुळे गुरुशिष्य दोघेही आपलेच, असं उगाच वाटतं.

हे टीकाकार मोठे सभ्य. ‘हे चिंत्य आहे’ असं लिहिलं की समजावं, समोरच्याचं चुकलं असं त्यांना म्हणायचंय. सोप्या शब्दावर पाऊण पान चालतं आणि आपण जिथे अडतो तिथे ‘स्पष्टम्’. पुढे ‘इति दिक्’, म्हणजे दिशा दाखवली, आता तुम्ही चाला.

खरी गंमत समासात आहे. व्याकरणातला नव्हे, पानाच्या कडेचा. तिथे कुणा विद्यार्थ्याने अवघड शब्दाचा अर्थ टिपून ठेवलेला असतो. पण लेखनात सुटलेला शब्दही लेखक कडेलाच लिहितो आणि ओळीत काकपदाची खूण करतो. नक्कल करणाऱ्याला घाई असली की टीप आणि सुटलेला शब्द त्याला सारखेच. तो दोन्ही ओळीत घेतो.

समजा, प्रदीपात ‘लाघव’ शब्द आहे आणि त्याला खेटूनच ‘संक्षेप’. वाक्याला दुसऱ्याची गरज नाही. अशा वेळी मी उद्द्योताची पोथी ओढतो. उपटीकाकार ज्या शब्दावर बोलायचं तो आधी उचलतो आणि ‘इति’ लावतो, हे प्रतीक. प्रतीक ‘लाघव’ आणि अर्थ म्हणून ‘संक्षेप’ निघाला, की चोर सापडल्याचा आनंद होतो. कुणीतरी उद्द्योतातला अर्थ प्रदीपाच्या समासात उतरवला, पुढच्याने तो आत घेतला, आणि अकराव्या शतकातला मानला जाणारा कैयट अठराव्या शतकातल्या नागेशाचे शब्द बोलू लागला. पणजोबांनी पणतूकडून ऐकून गोष्ट सांगावी तसं.

अर्थात हा आनंद पोथीच्या शेवटच्या पानापर्यंतच टिकतो. लेखनाचा शक तिथे असतो. त्यात सोळाशेच्या आसपासचा आकडा निघाला, तर त्यात अठ्ठ्याहत्तर मिळवून येणारं इसवी सन नागेशांच्या लेखनाआधीचं. मग चोर पळाला. पाहुणा आधीच घरात होता आणि नागेशांनाच तो तिथे भेटला असेल.

परवा अशाच एका जागी पूर्वीच्या कुणीतरी जादा शब्दावर हरताळ फासलेला दिसला. पिवळा पट्टा, खाली शब्द अंधूक वाचता येतो. कडेला त्यानेच लहान अक्षरात कारण दिलं होतं. भिंग लावून वाचलं: ‘स्पष्टम्’.