बुरशीला तारीख वाचता येत नाही

मा. व्यवस्थापक,

आपल्या भाकरवडीच्या पाकिटावर मुदत अजून दीड महिना शिल्लक आहे. आत मात्र एक हिरवट वसाहत आधीच राहायला आली आहे. हे अतिक्रमण आहे की योजनेचा भाग, एवढे कळवावे.

आपण उत्तरात 'थंड व कोरड्या जागी ठेवा' असे लिहाल, म्हणून आधीच सांगतो: पाकीट आज, फोडण्यापूर्वीच मऊ लागत होते. ज्या पाकिटात नायट्रोजन भरून आपण फुगवटा आणता, ते हवा गेलेल्या टायरसारखे बसले होते. उजेडात धरल्यावर वरच्या शिवणीत मसाल्याचा कण अडकलेला दिसला. शिवण तेथे चिकटलीच नव्हती. त्या फटीतून प्राणवायू आणि पावसाळी दमटपणा आत गेला. खोबरे-तिळाच्या सारणाने ओलावा शोषला, आणि बुरशीला आणखी काही लागत नाही. मुदत ठरवताना शिवण धड आहे हे गृहीत असते. बुरशीला तारीख वाचता येत नाही, हा तिचा दोष नव्हे.

'बुरशीचा भाग काढून उरलेले खा' असा सल्ला कृपया देऊ नये. तिचे तंतू दिसतात त्यापेक्षा खोल जातात.

पाकीट, बिल, बॅच क्रमांकाचा फोटो जपून ठेवले आहेत. त्या बॅचची बाकीची पाकिटे तपासावीत. बदली म्हणून त्याच बॅचचे दुसरे पाकीट पाठवल्यास पुढचे पत्र अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांना जाईल. १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांकही पाठ आहे.

आपला,
(तूर्त उपाशी) ग्राहक