पन्नाशीचा शुभेच्छासंदेश आणि अनुल्लेखाची कला

घटस्फोटित आईच्या पन्नासाव्या वाढदिवसाचा संदेश कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकताना लग्नाचा उल्लेख टाळणे, म्हणजे नावामागचे ‘सौ.’ आणि सुखी संसाराचा आशीर्वाद गाळणे, हे मुलांना सहज जमते. परंतु त्या रिकाम्या जागी जी विशेषणे येतात, तीच चहाडी करतात. ‘खंबीर’ म्हटले की कशापुढे खंबीर, हे मावशीला कळते, ‘नवी सुरुवात’ म्हटले की जुन्याचा शेवट आत्याला आठवतो, आणि ‘आता स्वतःसाठी जग’ यातील ‘आता’ हा दोन अक्षरी शब्द तर कुटुंब न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतका, म्हणजे विवाह संपल्याच्या अधिकृत दस्तऐवजाइतका, बोलका ठरतो. ‘आई, पन्नाशीच्या शुभेच्छा! सोमवारपासून पोहण्याचा क्लास, दिवाळीनंतर हंपी. चष्मा विसरू नकोस’ हा मसुदा त्यामानाने निर्दोष होय, कारण त्यात पुढचा बेत आहे आणि मागचा हिशेब नाही. अर्थात गटातील एखादे काका त्याखाली ‘दोघांनाही शुभेच्छा’ असे लिहून हात जोडल्याचे चित्र टाकतातच.